200 एमबीपीएसचा प्लॅन, टेस्टला 94, फाइल उतरते 11 ने : पाणी कुठं मुरतंय?

बोरीकाठ (अमळनेर)
मंडळी, फायबरचा 200 एमबीपीएसचा प्लॅन आहे. लॅपटॉपला राउटरपासून केबल लावून स्पीड टेस्ट घेतली तर 94 येतात, कितीही वेळा घ्या, 93.8 ते 94.5 च्या बाहेर जात नाही. मोबाइलवर वायफायने 41. आणि लिनक्सची साधारण 5 जीबीची फाइल उतरवायला घेतली तर ब्राउझर 11.2 दाखवतो, रात्री 9 नंतर तर 5 वर येतो. 200 पैकी 11 म्हणजे अठरावा हिस्सासुद्धा होत नाही. केबलवाला म्हणतो, "आमच्याकडून पूर्ण जातंय." यातलं खरं काय?

भरीतपुरी (जळगाव)
बठ्ठी लूट शे भो. कंपनीवाले 1000 ने मोजतात आणि कॉम्प्युटर 1024 ने. सगळा घोळ तिथंच आहे. 200 विकायचं आणि 25 द्यायचं.

तापीखोरे (भुसावळ)
भरीतपुरी भाऊ, 1024 चा मुद्दा खरा आहे, पण तो घोळाचा सगळ्यात बारका तुकडा आहे. त्याने जेमतेम 5 टक्के जातात. 200 चे 25 होतात ते 8 ने भागल्यामुळे, आणि त्यात चोरी नाही. तार कितीही जाड असो, तिच्यातून एकेक बिट जातो, म्हणून लाइनचं माप पहिल्यापासून बिटमध्ये. फाइल डिस्कवर बसते ती बाइटमध्ये, 8 बिटांचा एक बाइट. पडद्यावर फरक फक्त एका अक्षराचा असतो, `Mb` आणि `MB`. जाहिरातीत लहान b, डाउनलोडच्या खिडकीत मोठा B. कंपनीला मोठा आकडा छापायला आवडतो हे खरं, पण माप बनावट नाही.

बोरीकाठ, तुमच्या पोस्टमध्ये तीन वेगळ्या तक्रारी एकात मिसळल्यात. 94 ही एक, 41 ही दुसरी आणि रात्रीचे 5 ही तिसरी. 11.2 ही तक्रारच नाही, ते 94 चंच दुसरं रूप आहे. 94 भागिले 8 म्हणजे 11.75, आणि ते 1024 च्या मापात घातले की 11.2. तुमचा ब्राउझर अगदी बरोबर सांगतोय.

आता 94 बद्दल. 91, 97, 88 असं कमीजास्त येत असतं तर मी लाइनकडे बघितलं असतं. पण कितीही वेळा घेऊन 94 च येत असेल तर ती लाइनची चाल नाही, ते झाकण आहे. मध्ये कुठंतरी 100 चं पोर्ट किंवा 100 वर अडकलेली केबल आहे. विंडोज असेल तर पॉवरशेल उघडून एवढंच टाका:

```
Get-NetAdapter | Format-Table Name, LinkSpeed
```

`Ethernet` च्या ओळीत `1 Gbps` आहे की `100 Mbps`, ते इथं लिहा. मग पुढचं बोलू.

सातपुडा_किनारा (चोपडा)
एक विचारू का? 100 चं पोर्ट असेल तर 100 यायला हवेत. 94 का? हे 6 कोण खातं?

तापीखोरे (भुसावळ)
बाजार समितीत पोतं काट्यावर टाकलं की बारदानाचं वजन वजा करतात ना, तसंच. डेटा तारेवरून सुटा जात नाही, पाकिटात भरून जातो. फायबरच्या बऱ्याच जोडण्यांत युजरनेम-पासवर्डवाली पीपीपीओई पद्धत असते. तिथं एक भरलेलं पाकीट तारेवर 1538 बाइटांची जागा घेतं, दोन पाकिटांमधली सक्तीची मोकळी जागासुद्धा त्यातच धरली. त्यात तुमच्या फाइलचा माल 1452 बाइट. उरलेले 86 म्हणजे पत्ता, क्रमांक, तपासणीचे आकडे असं बारदान. 1452 भागिले 1538 केलं की 94.4 टक्के. स्पीड टेस्ट फक्त माल मोजते, बारदान मोजत नाही. म्हणून 100 च्या पोर्टवर उत्तम चाललेली टेस्ट 94 च्या पुढं जात नाही.

गिरणेचा_पाट (चाळीसगाव)
आम्ही तर साधा हिशेब ठेवतो, प्लॅनला सरळ 10 ने भागायचं. 100 चा प्लॅन तर 10 एमबी. कारण 8 बिट डेटाचे आणि 2 बिट चेकिंगचे असतात.

तापीखोरे (भुसावळ)
दहाचा आडाखा वाईट नाही, पण कारण चुकलं. ते 2 बिट जुन्या टेलिफोन मोडेमच्या काळातले, दर बाइटला एक सुरुवातीचा आणि एक शेवटचा. फायबरवर तसं काही नसतं. आजचा हिशेब करायचा तर 8 ने भागा, बारदानाचे साडेपाच टक्के काढा, 1024 चे पावणेपाच टक्के काढा. सगळं मिळून 8.9 येतं. थोडक्यात प्लॅनच्या आकड्याला 9 ने भागा, विंडोजच्या खिडकीत चांगल्यात चांगला तेवढा आकडा दिसेल. 200 च्या प्लॅनला 22 च्या आसपास. काही कंपन्या बारदान भरून निघावं म्हणून लाइन थोडी वर सोडतात, तिथं 23-24 पण दिसतात. पण 25 ची आशा धरून तक्रार केली तर ती टिकणार नाही.

रोजचा_दीडजीबी (पारोळा)
मग मोबाइलचा रोजचा दीड जीबी लवकर संपतो तो पण याच कारणाने का? 5जी आल्यापासून एमबी जास्त कापतात असं वाटतं.

सुनीता_धुळे
नाही हो दादा, ते वेगळं. दीड जीबी म्हणजे टाकीत पाणी किती, एमबीपीएस म्हणजे नळाची धार किती. धार मोठी झाली की टाकी लवकर रिकामी होते, एवढंच. 200 च्या वेगाने दीड जीबी बरोबर एका मिनिटात संपतो. 5जीवर व्हिडिओ आपोआप वरच्या क्वालिटीला जातो, तो खाली आणून बघा.

बोरीकाठ (अमळनेर)
तापीखोरे सर, टाकून बघितलं. `100 Mbps` दाखवतंय. लॅपटॉप 4 वर्षांचा आहे, त्याच्या खोक्यावर गिगाबिट लिहिलेलं होतं. राउटर केबलवाल्याने दिलेला, मागं 4 पोर्ट आहेत.

तापीखोरे (भुसावळ)
मग दोनच संशयित उरले. पोर्ट आणि केबल.

आधी पोर्ट. फायबरवाले देतात त्या बऱ्याच डब्यांत चारही पोर्ट सारखे नसतात. एक गिगाबिटचं आणि बाकीचे 100 चे असतात. मागच्या लेबलवर `GE` किंवा `1000M` लिहिलेलं शोधा, बहुतेक ते `LAN1` असतं. केबल त्यात लावा आणि तीच कमांड परत चालवा.

तरी 100 च राहिले तर केबल बघा. 100 च्या लिंकला 8 पैकी 4 वायर पुरतात, 1, 2, 3 आणि 6 नंबरच्या. गिगाबिटला आठच्या आठ लागतात. बाकीच्या चारांपैकी एखादी वायर क्लिपमध्ये नीट बसली नाही किंवा दारात दबून तुटली तर लिंक बंद पडत नाही, गुपचूप 100 वर उतरते आणि तिथंच सुखाने चालते. नेट चालू असतं, दिवा लुकलुकतो, म्हणून केबलवर कोणाचा संशय जात नाही. पारदर्शक क्लिप उजेडात धरा. आठही वायरींची टोकं पुढच्या काठाला टेकलेली दिसली पाहिजेत. काही जण केबल ओढताना मुद्दाम 4 च वायर क्रिम्प करतात आणि उरलेल्या 4 वर दुसरी जोडणी काढतात. तसं असेल तर दिसेलच.

फायबरवाला_पाचोरा
मी या धंद्यातला आहे म्हणून आमची बाजू मांडतो. ग्राहक फोन करतो, "200 चे 40 च येतात." विचारलं की मोबाइलवर टेस्ट घेतलेली असते, तीही मागच्या खोलीत. गावातली धाब्याची घरं, मातीची हातभर जाड भिंत, आणि राउटर ओट्यावरच्या लोखंडी पेटीत कुलूप लावून. त्यात आमची लाइन काय करणार? केबल लावून घेतलेली टेस्ट दाखवा, मग बोला.

सुनीता_धुळे
भाऊ, भिंतीचं पटलं. पण बोरीकाठचे 41 भिंतीमुळेच असतील असं नाही, राउटरशेजारी बसूनही तेवढेच येऊ शकतात. मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नावावर दाबलं की लिंक स्पीड दिसतो. तो 72 असेल तर मोबाइल 2.4 गिगाहर्ट्झवर एकाच अँटेनाने बोलतोय. 72 हा हवेतला कच्चा आकडा आहे. वायफायमध्ये एका वेळी एकानेच बोलायचं असतं, दर खेपेला थांबणं, पोहोच देणं, शेजाऱ्याचा राउटर बोलत असेल तर गप्प बसणं, यात निम्मा वेळ जातो. 72 चे 40-45 हाती आले तर ते चांगलंच म्हणायचं. त्याच जागी 5 गिगाहर्ट्झवर गेलात तर लिंक स्पीड 433 किंवा 866 दिसेल आणि 200 चा प्लॅन पूर्ण मावेल. पण राउटर एकाच बँडचा असेल तर 5 चं नाव यादीत येणारच नाही. असा राउटर 200 च्या प्लॅनबरोबर देणं मात्र आमच्या माथी मारल्यासारखंच आहे, पाचोरेकर!

फायबरवाला_पाचोरा
ताई, दोन बँडचा डबा महाग पडतो. ग्राहक म्हणतो फुकट द्या.

अभ्यासिका_शिरपूर
माझा वेगळाच प्रकार. आमच्या अभ्यासिकेत 100 चा प्लॅन. लेक्चरच्या फाइली डाउनलोड करताना सुरुवातीला 11 दिसतात, अर्ध्या मिनिटाने 6, कधी 4, मध्येच शून्य, मग परत 11. टेस्ट मात्र चांगली येते. म्हणजे कंपनी मोठी फाइल बघून दाबते का?

तापीखोरे (भुसावळ)
फाइल कुठं साठवताय? सरळ पेनड्राइव्हवर का?

अभ्यासिका_शिरपूर
हो, मुलांना द्यायच्या असतात म्हणून थेट पेनड्राइव्हवरच.

तापीखोरे (भुसावळ)
मग कंपनीचा संबंध नाही. स्वस्त पेनड्राइव्ह सेकंदाला 5-6 एमबीच लिहितो. पहिले काही सेकंद माल कॉम्प्युटरच्या मेमरीत साठतो म्हणून 11 दिसतात. मेमरीचा कोटा भरला की डाउनलोड पेनड्राइव्हच्या चालीने चालतं, आणि तो लिहिण्यात गुंतला की शून्य. 11, 5, 0, 11 असा झोका दिसला की डिस्ककडे बघायचं. स्पीड टेस्ट आलेला डेटा कुठंच साठवत नाही, आला की फेकून देते, त्यामुळे तिला हा त्रास कळतच नाही. आधी लॅपटॉपच्या डिस्कवर उतरवा, मग कॉपी करा. एकूण वेळ थोडा जास्त लागेल, पण निदान डाउनलोड मध्येच अडखळणार नाही.

बोरीकाठ (अमळनेर)
कळवतो. डब्यामागं खरंच फक्त `LAN1` जवळ `GE` लिहिलंय, माझी केबल `LAN3` मध्ये होती. बदलली, तरी 100 च. मग क्लिप उजेडात धरली तर 4 च वायर पुढपर्यंत आहेत, बाकीच्या 4 बाहेरच कापलेल्या! बाजारातून 2 मीटरची तयार कॅट 6 आणून लावली. कमांड `1 Gbps` दाखवतेय. टेस्ट 191. तीच फाइल सकाळी 7 वाजता 22.4 ने उतरली.

म्हणजे एकाच वेळी दोन्ही दोष होते. पोर्टही चुकीचं आणि केबलही अर्धी.

भरीतपुरी (जळगाव)
आते 22 म्हणजे अजून 25 नाही ना!

सातपुडा_किनारा (चोपडा)
भो, 9 ने भागा ना. वर लिहिलंय.

बोरीकाठ (अमळनेर)
रात्रीचं मात्र सुटलेलं नाही. काल 9.30 ला टेस्ट 180, फाइल 5.8. तोच लॅपटॉप, तीच केबल, मिनिटभराच्या अंतराने.

फायबरवाला_पाचोरा
रात्री सगळे बसतात ना. एका पॉनवर, म्हणजे वाटून दिलेल्या एका फायबर लाइनवर, 64 घरं असतात. लाइन अडीच जीबीपीएसची. सगळ्यांना 200 द्यायचे तर जवळजवळ 13 जीबीपीएस लागतील. हे सगळीकडे असंच असतं.

तापीखोरे (भुसावळ)
पाचोरेकर, हिशेब बरोबर पण या ठिकाणी लागू नाही. 64 घरं एका वेळी 200 घेत नाहीत. टीव्हीवर 4के चित्र चालवायला 20-25 लागतात. सगळ्या 64 घरी ते चालू असलं तरी दीड जीबीपीएस, अडीचमध्ये मावतं. आणि पॉनच भरला असता तर स्पीड टेस्टसुद्धा पडली असती, ती 180 आहे.

टेस्ट आणि फाइल यांच्यात दोन फरक असतात. एक, टेस्टवाला सर्व्हर बहुधा कंपनीच्या जाळ्यातच किंवा मुंबईत अगदी शेजारी असतो. तुमची फाइल कुठल्या देशातून येते ते तुम्हाला माहीत नसतं. दोन, टेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते, ब्राउझर मात्र फाइल सहसा एकाच जोडणीने ओढतो. एका जोडणीचा नियम असा की थोडा माल पाठवायचा, पोहोच आली की पुढचा पाठवायचा, आणि वाटेत एक पाकीट हरवलं की वेग एकदम खाली आणून परत हळूहळू वाढवायचा. सर्व्हर जितका लांब तितकी पोहोच उशिरा, तितकं सावरायला वेळ जास्त. 8 जोडण्यांपैकी एक पडली तर बाकीच्या 7 चालू असतात, म्हणून टेस्टला काही झाल्यासारखं दिसत नाही.

हे तपासायचं तर aria2 हा डाउनलोडचा प्रोग्राम आधी टाकून घ्या आणि रात्री त्याच फाइलवर हे दोन्ही चालवा. एकेक मिनिट पुरे, मग `Ctrl+C`. `URL` च्या जागी फाइलचा पत्ता.

```
aria2c -x 1 -s 1 -o ek.iso URL
aria2c -x 4 -s 4 -o char.iso URL
```

दोन्हीकडे 6 च आले तर वाट बंद आहे किंवा सर्व्हर सगळं मिळून तेवढंच देतोय. चार जोडण्यांनी बरंच वाढलं तर दर जोडणीमागं पाकिटं हरवताहेत, नाहीतर सर्व्हरने एका जोडणीला मर्यादा घातली आहे. सोबत राउटरच्या पुढच्या पहिल्या टप्प्याला आणि त्या सर्व्हरला सकाळ-रात्र पिंगही घ्या, म्हणजे पाकीट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते कळेल. पहिल्या टप्प्याचा पत्ता `tracert -d` पुढं सर्व्हरचं नाव देऊन चालवलं की दुसऱ्या ओळीत दिसतो.

गिरणेचा_पाट (चाळीसगाव)
4 ऐवजी 16 जोडण्या लावल्या तर?

तापीखोरे (भुसावळ)
बरेच सर्व्हर दार लावून घेतात. विद्यापीठांनी फुकट चालवलेले काही मिरर, म्हणजे त्याच फाइलींच्या प्रती ठेवणारे सर्व्हर, तर एका पत्त्यावरून 2-3 च्या वर जोडण्या देतच नाहीत. 4 लाच काही ठिकाणी नकार मिळेल.

बोरीकाठ (अमळनेर)
काल रात्री 9.40 चे आकडे. एका जोडणीने 5.7, चारांनी 14.1. पहिला टप्पा सकाळी 3 मिलीसेकंद, रात्री 4. फाइलचा सर्व्हर सकाळी 38, रात्री 95, आणि 100 पैकी 2 पिंग हरवले. मग तीच फाइल दुसऱ्या मिररवरून घेतली, एका जोडणीने 19.

तापीखोरे (भुसावळ)
म्हणजे अमळनेरात काही बिघडलेलं नाही. पहिला टप्पा रात्रीही 4 वर आहे, तुमचा पॉन मोकळा. गर्दी पुढं आहे. 38 चे 95 झाले याचा अर्थ वाटेत कुठंतरी पाकिटांची रांग लागतेय आणि रांगेत न मावलेली टाकली जाताहेत. माझ्या मते कंपनीने त्या दिशेची बाहेरची लाइन कमी घेतलीय.

सुनीता_धुळे
इतकं ठाम नका सांगू. मिररच्या स्वतःच्या दारात रांग असेल तरीही अगदी असंच दिसेल. दुसऱ्या मिररने 19 दिले एवढ्यावरून कंपनी दोषी ठरत नाही. दुसऱ्या कंपनीच्या लाइनवरून, त्याच वेळी, त्याच पहिल्या मिररला कोणीतरी बघायला हवं.

शहादेकर
माझी कंपनी वेगळी आहे, प्लॅन 100 चा. आत्ता 9.50 ला तोच पत्ता लावला. एका जोडणीने 9.1, पिंग 52, एकही हरवला नाही.

तापीखोरे (भुसावळ)
100 च्या प्लॅनला कमाल 11.2, त्यात 9.1 म्हणजे चांगलंच. मिररचं दार तुंबलं असतं तर तुम्हालाही फटका बसला असता.

सुनीता_धुळे
पण 9.1 म्हणजे 76 एमबीपीएस. त्यांना पुरेसं होतं म्हणून ते खूश. 200 चा प्लॅन असता तर तेही 9 वरच अडकले असते की नाही, हे यातून कळत नाही. आणि दिवसाचा त्यांचा पिंग किती, तोही नाही.

शहादेकर
दिवसाचा उद्या सकाळी 7 ला घेऊन टाकतो.

फायबरवाला_पाचोरा
बोरीकाठ, तक्रार करताना "स्पीड कमी येतो" एवढंच लिहू नका. आमच्यासारखा माणूस टेस्ट घेऊन 180 दाखवतो आणि तक्रार बंद करतो. पत्ता, वेळ, सकाळचा आणि रात्रीचा `tracert`, हे चारही जोडा आणि "वरच्या नेटवर्क टीमकडे पाठवा" असं स्पष्ट लिहा. लोकल ऑपरेटरच्या हातात यातलं काहीच नसतं.

बोरीकाठ (अमळनेर)
आज रात्रीचा `tracert` घेतो. 4 वायरची केबल कोणी टाकली ते पण विचारायचं आहे.